श्वसनाच्या लयीचे नियंत्रण

हृदयाला स्वतःची लय असते. शरीराबाहेर काढलेले हृदयही काही काळ धडधडत राहते. श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू यांना अशी लय नसते. मेंदूकडून येणारा प्रत्येक संदेश मिळाला तरच ते आकुंचन पावतात, आणि म्हणूनच मानेच्या वरच्या भागात, तिसऱ्या मानमणक्याच्या वर, मज्जारज्जू तुटला तर श्वास तत्क्षणी थांबतो. ही लय मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागात, म्हणजे लंबमज्जेत, निर्माण होते. तेथील प्री-बॉट्झिंगर संकुल या मोजक्या काही हजार चेतापेशींच्या समूहाचा शोध १९९१ मध्ये नवजात उंदरांवरील प्रयोगांतून लागला. लंबमज्जेचा अगदी पातळ काप पोषक द्रवात ठेवला, तरी त्यातील हा समूह श्वासाच्या ठेक्यासारखे विद्युत-स्पंद नियमित देत राहतो, असे त्या वेळी आढळले. लंबमज्जेच्या वर असलेला सेतू हा भाग या लयीला आकार देतो. श्वास कधी तोडून उच्छ्वास सुरू करायचा, हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

ठेका असणे वेगळे आणि तो शरीराच्या गरजेप्रमाणे वाढणे-कमी होणे वेगळे. ही गरज मेंदूला रासायनिक ग्राहींकडून कळते आणि ते दोन ठिकाणी असतात. परिघीय ग्राहींपैकी माणसात महत्त्वाचे ते कॅरोटिड पिंडातले. मानेतील मोठी रोहिणी जेथे दुभंगते तेथे, दोन्ही बाजूंना, तांदळाच्या दाण्याएवढे हे पिंड बसलेले असतात. रक्तातील ऑक्सिजन घटला, तसेच कार्बन डाय-ऑक्साइड किंवा आम्लता वाढली, तर ते काही सेकंदांत नवव्या मस्तिष्क-चेतेवाटे लंबमज्जेला कळवतात. या पिंडांचे कार्य उलगडल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे, मध्यवर्ती ग्राही, लंबमज्जेच्या पुढच्या पृष्ठभागालगत असतात. ते ऑक्सिजनकडे लक्ष देत नाहीत. त्यांना आजूबाजूच्या द्रवाची आम्लता कळते. त्यांचा प्रतिसाद सावकाश असतो, पण कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्यावर श्वसन जेवढे वाढते, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग त्यांच्यामुळे घडतो.

रक्तातील आम्लता बदलली की मेंदूतील आम्लता लगेच बदलते असे नाही, कारण रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा हायड्रोजन आयनांना सहज ओलांडता येत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र तो सहज ओलांडतो. पलीकडे पाण्याशी त्याचा संयोग होऊन कार्बनिक आम्ल तयार होते आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. मस्तिष्क-मेरुद्रवात प्रथिने फारच थोडी असल्यामुळे हे आयन शोषून घेणारे तेथे फारसे कोणी नसते, आणि म्हणून कार्बन डाय-ऑक्साइडमधील लहानसा बदलही तेथे ठळकपणे जाणवतो.

ज्या ऑक्सिजनसाठी आपण श्वास घेतो, त्याऐवजी टाकाऊ वायूवर शरीर नजर का ठेवते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर थोड्या आकडेमोडीतून मिळते. विश्रांतीच्या अवस्थेत रोहिणीतील रक्तात कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब सुमारे ४० मिमी. पारा असतो, तर वायुकोशांतील ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिमी. असतो. शरीरात तयार होणारा कार्बन डाय-ऑक्साइड तेवढाच राहिला आणि वायुकोशांपर्यंत पोहोचणारी हवा एक-पंचमांशाने घटली, तर कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब ५० मिमी.वर जातो, कारण तो हवेच्या या पुरवठ्याच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रक्ताचा सामू त्यामुळे ७.४० वरून अंदाजे ७.३२ वर येतो. ऑक्सिजनचा दाबही घटतो, पण तो ८८ मिमी.च्या आसपास थांबतो, आणि या पातळीवर हिमोग्लोबिनची ऑक्सिजन-संपृक्तता जेमतेम एका टक्क्याने कमी होते. म्हणजे श्वसनात झालेली चूक कार्बन डाय-ऑक्साइड लगेच दाखवून देतो, ऑक्सिजन मात्र ती बराच काळ लपवतो. शिवाय पेशींतील विकरांना लागणारा सामूही याच वायूच्या नियंत्रणातून सांभाळला जातो.

जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये हे माणसावर प्रत्यक्ष दाखवले. जोराने सोडलेल्या उच्छ्वासाच्या शेवटच्या टप्प्यातील हवा ही वायुकोशांतील हवा असते, हे हेरून त्यांनी तिचे नमुने घेतले. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखर असो वा कॉर्नवॉलमधील डॉल्कोथ खाणीचा तळ, वायुकोशांतील कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब जवळजवळ स्थिर राहिला, ऑक्सिजनचा मात्र बदलत गेला. कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब सुमारे दीड मिमी.ने वाढला, तरी वायुकोशांतील हवेची उलाढाल दुप्पट होते, असेही त्यांना आढळले. ऑक्सिजनचा दाब मात्र साधारण ६० मिमी.पर्यंत घसरल्याखेरीज श्वसनाला जोरदार चालना मिळत नाही. उंच पर्वतावर ती वेळ येते.

या मांडणीचा सर्वांत घातक परिणाम पाण्यात दिसतो. बुडी मारून जास्त वेळ राहण्याची पैज लावणारे अनेकदा आधी मिनिटभर खोल व जलद श्वास घेतात. त्यामुळे कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब ४० वरून २० मिमी.पर्यंत उतरू शकतो, परंतु हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असल्याने ऑक्सिजनचा साठा फार वाढत नाही. बोटांना व ओठांभोवती मुंग्या येणे आणि डोके हलके होणे ही कार्बन डाय-ऑक्साइड फार उतरल्याची खूण आहे. ऑक्सिजन भरपूर मिळाल्याची नव्हे. नेहमी हा दाब ५० मिमी.च्या आसपास गेला की श्वास घेण्याची अनावर इच्छा होते आणि माणूस वर येतो. येथे मात्र दाबाला २० पासून चढत जावे लागते. तोवर पोहण्याच्या श्रमाने ऑक्सिजन संपत जातो आणि गुदमरल्याची कोणतीही जाणीव न होता शुद्ध हरपते. खोलातून वर येताना भोवतालचा दाब घटल्यामुळे फुप्फुसांतील ऑक्सिजनचा दाब आणखी कोसळतो, म्हणून उत्तम पोहणारेही पृष्ठभागाजवळ येता येता बेशुद्ध होतात. बुडीपूर्वी असे जलद श्वास घेऊच नयेत, ही ताकीद पोहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला मिळायला हवी.

दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकारात उलट स्थिती उद्भवते. कार्बन डाय-ऑक्साइड महिनोन्‌महिने चढलेला राहिला, तर मूत्रपिंडे आम्लता शमवणारे बायकार्बोनेट राखून ठेवतात, मस्तिष्क-मेरुद्रवातही ते वाढते, आणि मध्यवर्ती ग्राहींना आम्लता सामान्य भासू लागते. अशा रुग्णाला भरमसाट ऑक्सिजन दिल्यास कार्बन डाय-ऑक्साइड आणखी वाढू शकतो. ऑक्सिजन मिळाल्याने श्वासाची प्रेरणाच विझते, असे याचे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जाई. ते अपुरे आहे. फुप्फुसाच्या नीट हवा न खेळणाऱ्या भागांकडे रक्त वळणे आणि ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनने कार्बन डाय-ऑक्साइड सोडून देणे, यांचा त्यात मोठा हिस्सा असतो. म्हणून त्यांच्यात संपृक्तता ८८ ते ९२ टक्के राखतात. ऑक्सिजन नाकारत नाहीत.

कार्बन डाय-ऑक्साइडची जाणीवच नसली तर काय होते, हे एका दुर्मीळ जन्मजात विकारात दिसते. फॉक्स-२बी या जनुकातील दोषामुळे लंबमज्जेतील संबंधित पेशी नीट घडत नाहीत. अशी मुले जागेपणी बहुधा पुरेसा श्वास घेतात, पण झोप लागली की श्वास उथळ होतो आणि रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड धोकादायक पातळीवर गेला तरी ती धापा टाकत नाहीत, जागीही होत नाहीत. फुप्फुसे निरोगी असूनही त्यांना आयुष्यभर, निदान झोपेत तरी, कृत्रिम श्वसनयंत्राचा आधार घ्यावा लागतो.