सत्तर लिटरचं कोडं: मूत्रपिंडाची गाळणी आणि तिच्या दाराशी बसलेला पहारा

1883 मध्ये ब्रेस्लाउच्या रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी एक साधा हिशोब मांडला. माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण 35 ग्रॅम युरिया जातो. रक्तात युरियाचं प्रमाण जेमतेम 0.05 टक्के असतं. मूत्रपिंड नुसतंच रक्त गाळत असेल, तर एवढा युरिया बाहेर काढायला त्याला रोज 70 लिटर द्रव गाळावा लागेल आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घ्यावा लागेल. एवढा उपद्व्याप कुठला अवयव करेल? म्हणून त्यांचा निष्कर्ष असा, की मूत्रपिंड गाळत नाही. त्याच्या पेशी लघवी स्रवतात, जशी लाळग्रंथी लाळ स्रवते.

हिशोबाची रीत बरोबर होती, पण आकडा कमी पडला. निरोगी प्रौढ माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकीचा द्रव परत घेतात. गाळलेल्या युरियाचाही मोठा भाग परत रक्तात जातो, त्यामुळे 70 लिटरही पुरत नाहीत. हायडेनहाइन यांना जे अशक्य वाटलं, तेच शरीर रात्रंदिवस करत असतं. हे सिद्ध व्हायला पुढे चाळीस वर्षं लागली.

वाद त्याआधीच सुरू झाला होता. 1842 मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्यांत रंग भरून दाखवलं, की केशवाहिन्यांचा बारीक गुच्छ एका पातळ पिशवीत बसलेला असतो आणि त्या पिशवीचं तोंड थेट मूत्रनलिकेत उघडतं. हे गुच्छ सतराव्या शतकात माल्पिघी यांना दिसले होते, पण नलिकेशी त्यांचं नातं त्यांना जोडता आलं नव्हतं. बोमन यांच्याच वर्षी मारबुर्गच्या कार्ल लुडविग यांनी म्हटलं, की गुच्छात रक्ताचा दाब द्रवाला ढकलून बाहेर काढतो. जीवनशक्ती वगैरे काही नाही, फक्त दाब. 1899 मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी त्याला दुसरी बाजू जोडली. रक्तातली प्रथिनं पाणी आत धरून ठेवतात, म्हणून गाळण्यासाठी दाबाला त्या ओढीवर मात करावी लागते.

निकाल लागला तो फिलाडेल्फियात, बेडकाच्या मूत्रपिंडावर. जोसेफ वेर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी काचेची अतिसूक्ष्म नळी सूक्ष्मदर्शकाखाली बोमनच्या पिशवीत घुसवली आणि आतला इवलासा थेंब ओढून घेतला. 1924 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. थेंबात प्रथिन नव्हतं, पण मीठ आणि साखर होती. त्याच बेडकांच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र मीठ-साखर दोन्ही नव्हतं. म्हणजे वर सगळं गाळलं जातं आणि खाली नलिकेत हवं ते परत घेतलं जातं. लुडविगचं म्हणणं खरं ठरलं. शरीरक्रियाशास्त्रात इतक्या लहान थेंबाने इतका मोठा वाद मिटल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आता प्रश्न उरला, की प्रथिन नेमकं अडतं कुठे? उत्तरासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. 1950 च्या दशकात दिसलं, की गुच्छाच्या गाळणाऱ्या भिंतीला तीन थर आहेत. आतला थर केशवाहिनीच्या पेशींचा. त्याला 70 ते 100 नॅनोमीटरच्या खिडक्या असतात. रक्तपेशी तिथे अडतात. अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा रेणू मात्र जेमतेम 7 नॅनोमीटरचा, त्याला त्या खिडक्या म्हणजे वाड्याचा दरवाजाच. खिडक्यांवर साखरयुक्त रेणूंचा एक लिबलिबीत लेप असतो, तो थोडा अडथळा करतो. मधला थर म्हणजे सुमारे 300 नॅनोमीटर जाडीचं आधारपटल, चौथ्या प्रकारच्या कोलॅजनचं विणलेलं. हे कोलॅजन जन्मतः सदोष असेल तर लघवीतून रक्त जातं, पुढे मूत्रपिंड निकामी होतं आणि बहुधा ऐकूही कमी येतं. हा अल्पोर्टचा आजार. सर्वांत बाहेर पोडोसाइट, म्हणजे पाय असलेल्या पेशी. शेजारशेजारच्या पेशींचे पाय हाताची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे गुंतलेले असतात आणि त्यांच्यामधल्या सुमारे 40 नॅनोमीटरच्या फटीवर एक नाजूक पडदा ताणलेला असतो.

खरी गाळणी यातली कोणती, यावर दोन तट पडले. 1961 मध्ये मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडे यांनी फेरिटिन हे लोहयुक्त प्रथिन रक्तात सोडलं, ते आधारपटलापाशी अडलं. पाच वर्षांनी ग्रॅहम आणि कार्नोव्स्की यांनी वेगळ्या आकाराची प्रथिनं वापरली, तेव्हा बोट फटीच्या पडद्याकडे गेलं.

पारडं फिरवलं ते फिनलंडच्या बाळांनी. तिथे साधारण आठ ते दहा हजार जन्मांत एक बाळ असं जन्मतं, की जन्मापूर्वीपासूनच त्याच्या लघवीतून प्रचंड प्रथिन वाहत असतं. 1998 मध्ये कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटाने त्याचं जनुक शोधलं आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला नेफ्रिन नाव दिलं. नेफ्रिन असतं कुठे? त्या फटीच्या पडद्यातच. आधारपटल जागेवर असून पडदा नसेल, तर प्रथिन थांबत नाही. याला आणखी एक पुरावा आहे आणि तो वाचताना मी दर वेळी थांबतो. अशा काही मुलांवर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाल्यावर नव्या, निरोगी मूत्रपिंडातूनही प्रथिन जाऊ लागलं. त्या मुलांच्या शरीराने जन्मात नेफ्रिन पाहिलंच नव्हतं, म्हणून नवं नेफ्रिन परकं समजून त्यांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती. 2022 मध्ये अशीच नेफ्रिनविरोधी प्रतिपिंडं 'मिनिमल चेंज' आजाराच्या काही रुग्णांतही सापडली. या आजारात सूज येते, लघवीला फेस येतो, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सगळं ठीकच दिसतं.

तरी पडदा म्हणजेच गाळणी आणि बाकीचे दोन थर सजावट, असं म्हणणं चूक ठरेल. पटल बिघडलं तरी प्रथिन गळतं. तिन्ही थर मिळून एक रचना आहे, आणि तिच्यावर जो दाब पडतो त्यावर तिचं आयुष्य अवलंबून आहे.

तो दाब किती नाजूक तोलात असतो ते पाहा. पाठ्यपुस्तकी अंदाजाने गुच्छात रक्ताचा दाब 60 मिलिमीटर पारा असतो. त्याविरुद्ध प्रथिनांची ओढ 32 आणि पिशवीतला दाब 18. उरले फक्त 10. दिवसाचे 180 लिटर याच दहावर चालतात. पाच कमी झाले तर गाळणं निम्म्यावर येईल, पाच वाढले तर भिंतीवर ताण येईल. म्हणून दाराशी कुणीतरी पहारा करायला हवा.

पहाऱ्याची जागा आधी सापडली, काम नंतर कळलं. 1889 मध्ये कामिल्लो गोल्जी यांनी दाखवलं, की प्रत्येक नलिका खाली उतरून, वळसा घालून पुन्हा आपल्याच गुच्छाच्या तोंडाशी येते आणि गुच्छात रक्त आत आणणाऱ्या व बाहेर नेणाऱ्या धमनिकांच्या, म्हणजे बारीक धमन्यांच्या, बेचक्यातून जाते. तिथे नलिकेच्या पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. त्सिमरमान यांनी 1933 मध्ये त्याला मॅक्युला डेन्सा, म्हणजे दाट ठिपका, असं नाव दिलं. समोरच्या धमनिकेच्या भिंतीत कणदार पेशी असतात, त्या रॉयटर यांनी 1925 मध्ये वर्णिल्या. दोहोंच्या मध्ये जाळीदार पेशींची एक गादी असते. हे तिन्ही मिळून जक्स्टाग्लोमेरुलर यंत्रणा होते.

रसायन मात्र त्याआधीच हाती आलं होतं. 1898 मध्ये स्टॉकहोमच्या टिगरस्टेट आणि बर्गमान यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. त्यांनी त्या द्रव्याला रेनिन म्हटलं. पुढची तीसेक वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. 1934 मध्ये क्लीव्हलंडच्या हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चिमटा लावून ती अरुंद केली आणि सगळ्या शरीराचा रक्तदाब वाढला. गेंटच्या नॉर्बर्ट गोरमाख्टिख यांनी अशा मूत्रपिंडांत कणदार पेशी फुगलेल्या पाहिल्या आणि रेनिन तिथूनच येतं असं मांडलं. लोकांना ते पटायला वेळ लागला. पुढे रेनिनविरोधी चमकती प्रतिपिंडं वापरली, तेव्हा उजेड नेमका त्याच पेशींत दिसला.

यंत्रणा काय करते ते 1960 च्या दशकात म्युनिकमध्ये क्लाउस थुराउ यांच्या प्रयोगांनी उलगडलं. गाळणं वाढलं की नलिकेतून मीठ जास्त खाली येतं. दाट ठिपक्याच्या पेशी ते मीठ आत ओढतात आणि त्यातून ॲडिनोसिन हा निरोप निघतो. आत येणारी धमनिका आखडते आणि गाळणं पुन्हा खाली येतं. मीठ कमी आलं तर उलट होतं. धमनिका सैल सोडली जाते आणि प्रोस्टाग्लँडिन या दुसऱ्या निरोप्याच्या सांगण्यावरून कणदार पेशी रेनिन सोडतात. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन बनतं. ते बाहेर जाणारी धमनिका आवळतं आणि गुच्छातला दाब टिकवतं. रेनिन सोडायला आणखी दोन कारणं पुरतात: धमनिकेच्या भिंतीवरचा ताण कमी होणं आणि मज्जातंतूंचा इशारा.

आता एक नमुना रुग्ण घेऊ. वय 58, दहा वर्षांचा मधुमेह. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो कचरा, रक्तात 1.1; लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे 320 मिलिग्रॅम अल्ब्युमिन. ते अल्ब्युमिन 30 च्या आत असायला हवं. म्हणजे गाळणी गळते आहे. मधुमेहात नलिकेचा पहिला भाग साखरेसोबत मीठही जास्त ओढून घेतो, त्यामुळे दाट ठिपक्यापर्यंत मीठ कमी पोचतं. गाळणं कमी झालंय असा पहाऱ्याचा समज होतो, तो आत येणारी धमनिका उघडतो आणि गुच्छावर दाब चढतो. डॉक्टर टेल्मिसार्टन आणि डापाग्लिफ्लोझिन सुरू करतात. पहिल्याने अँजिओटेन्सिनचं काम अडतं आणि बाहेर जाणारी धमनिका सैल होते. दुसऱ्याने साखर-मीठ खाली जाऊ दिलं जातं, ठिपक्याला ते दिसतं आणि आतली धमनिका आखडते. महिन्याने क्रिएटिनिन 1.3, अल्ब्युमिन 190. क्रिएटिनिन पाहून घरचे घाबरतात, गोळ्यांनी किडनी गेली म्हणतात आणि परस्पर गोळ्या बंद करतात. प्रत्यक्षात दाब उतरल्याची ही खूण आहे. क्रिएटिनिन सुमारे 18 टक्के वाढलं आहे. तीस टक्क्यांच्या आत वाढून तिथेच स्थिर राहणं बहुतेक वेळा स्वीकारलं जातं आणि अल्ब्युमिन उतरलं हे गाळणीवरचा भार हलका झाल्याचं चिन्ह आहे.

याच औषधांची मर्यादाही त्याच जागी आहे. या माणसाला जुलाब-उलट्या झाल्या आणि गुडघ्यासाठी त्याने डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलं, तर प्रोस्टाग्लँडिन बंद पडून आतली धमनिका आखडते, बाहेरची आवळायची सोय टेल्मिसार्टनने काढून घेतलेली असते, आणि त्या दहा मिलिमीटरातलं फारसं काही उरत नाही. लघवी कमी होते, क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत झपाट्याने चढतं. म्हणून अशा दिवसांत गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना लगेच विचारायचं असतं आणि वेदनाशामक टाळायचं असतं. जुलाब नाहीत, वेदनाशामक नाही, आणि तरीही टेल्मिसार्टननंतर क्रिएटिनिन तीस टक्क्यांहून वर गेलं, तर मूत्रपिंडाच्या धमन्यांची डॉप्लर तपासणी सांगतात. तिथे शोधतात ते अरुंद झालेलं तोंड, गोल्डब्लाट यांनी कुत्र्याला चांदीच्या चिमट्याने करून दिलं होतं तसं.