नवजात बाळाच्या कमरेवरचे निळसर डाग

तान्ह्या बाळाच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वर आणि कुल्ल्यांवर दिसणारे निळसर-राखाडी, सपाट जन्मडाग. वैद्यकात यांना ‘जन्मजात त्वचीय मेलॅनोसायटोसिस’ म्हणतात. जुन्या पुस्तकांत आणि कित्येक डॉक्टरांच्या तोंडी अजून ‘मंगोलियन स्पॉट’ हे नाव आहे. जपानमध्ये काम करणाऱ्या एर्विन बेल्झ या जर्मन डॉक्टराने १८८५ मध्ये ही खूण एका वंशाची ओळख समजून तसे नाव दिले. प्रत्यक्षात आशियाई, आफ्रिकी आणि इतर अनेक समाजांतल्या बाळांत ती आढळते, म्हणून ते नाव आता मागे पडते आहे आणि ते योग्यच आहे. भारतीय बाळांत हे डाग सर्रास दिसतात. मुंबईतल्या कोणत्याही प्रसूतिगृहात सकाळच्या राउंडला बाळे उपडी करून पाहिली, तर एखाद्या तरी बाळाच्या पाठीवर शाई सांडल्यासारखा डाग सापडतोच.

डाग का पडतो, हे कळले की तो निरुपद्रवी का, हेही कळते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून प्रवास करत त्वचेच्या वरच्या थरात पोहोचतात. काही पेशी वाटेतच, खालच्या थरात, मागे राहतात. त्यांतले रंगद्रव्य इतरांसारखेच तपकिरी-काळे असते. पण ते खोलवर असल्यामुळे प्रकाशातला लाल भाग आत शोषला जातो, निळा भाग विखरून परत येतो आणि डोळ्यांना डाग निळा दिसतो. हातावरची शीर निळसर दिसते, त्यालाही काही अंशी हेच कारण आहे. म्हणजे इथे रक्त साकळलेले नाही, मार लागलेला नाही आणि त्वचेला काही झालेलेही नाही. मागे राहिलेल्या या पेशी हळूहळू नाहीशा होतात. पहिल्या वर्षभरात डाग थोडा पसरल्यासारखा वाटू शकतो, मग तो फिकटत जातो आणि बहुतेक मुलांत शाळेत जायच्या वयापर्यंत दिसेनासा होतो. थोड्यांमध्ये मोठेपणीही पुसटसा उरतो.

उपचाराची गरज नाही. तरीही घरोघरी डाळीचे पीठ, हळद, लिंबू लावून डाग घासला जातो. डाग ज्या थरात आहे तिथवर यातले काहीच पोहोचत नाही. फक्त वरची कोवळी कातडी सोलवटते. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून डाग आला, असे बाळंतिणीला ऐकवले जाते, तेही निराधार आहे. आधीच थकलेल्या आईवर हा बोल येऊ नये.

मग निरुपद्रवी असलेली गोष्ट डॉक्टर तपासणीत मुद्दाम का लिहून ठेवतात? कारण हा डाग मुका मार लागल्याच्या वणासारखा दिसतो. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. लालबागला माहेर असलेल्या मुलीचे बाळंतपण जवळच्या प्रसूतिगृहात होते. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बालरोगतज्ज्ञ बाळाला उपडे करतात आणि डिस्चार्ज कार्डावर लिहितात: ‘माकडहाडाच्या वर ६ × ४ सेंमी निळसर-राखाडी डाग, उजव्या कुल्ल्यावर २ सेंमीचा दुसरा, सपाट, कडा पुसट, सूज नाही. जन्मतः.’ तीन महिन्यांनी बाळ भांडुपला सासरी येते. आजी पहिल्यांदाच त्याला आंघोळ घालते आणि दचकते. ‘मालीशवालीनं जोरात रगडलंय गं याला!’ बाईवर संशय, विहिणींमध्ये कुरबूर. कार्ड काढून ती ओळ वाचली की प्रश्न तिथेच मिटतो. पुढे २६ आठवड्यांची रजा संपते आणि बाळ पाळणाघरात जाते. लंगोट बदलणाऱ्या ताईंना तोच डाग दिसतो आणि बाळाला घरी मारतात की काय, अशी शंका त्यांना येते. ती चुकीची नाही, कारण त्यांनी बाळाच्या काळजीनेच पाहिलेले असते. पहिल्याच दिवशी आईने तो डाग दाखवून सांगितला, तर दोघींनाही अवघडायला होत नाही. नोंद नसेल आणि प्रकरण रुग्णालयापर्यंत गेले, तर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

डाग आणि वण यांतला फरक ओळखताना एक चूक वारंवार होते. बोटाने दाबून रंग जातो का, हे पाहिले जाते. दाबल्यावर रंग ना या डागाचा जातो, ना वणाचा. ती चाचणी रक्तवाहिन्यांच्या लालसर खुणा ओळखायला कामाची आहे, इथे नाही. बाळ रडते का, यावरूनही नक्की काही ठरत नाही. उपडे केले म्हणूनही बाळ रडते. खरी कसोटी काळाची आहे. वण दिवसागणिक रंग बदलतो, हिरवट-पिवळा होतो आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. हा डाग दोन आठवड्यांनी पाहिला तरी जसाच्या तसा असतो. म्हणून शंका असेल तेव्हा दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावा आणि पुन्हा दहा-पंधरा दिवसांनी तसाच काढून दोन्ही ताडून पाहावेत. काही डाग जन्मल्यानंतरच्या काही आठवड्यांत उमटतात. तेव्हा दीड महिन्याच्या लसीला गेल्यावर बाळाचे अंग पुन्हा पाहून माता आणि बाल संरक्षण कार्डावर भर घालून घेणे चांगले.

नोंदीचा उपयोग उलट बाजूनेही होतो आणि तो तितकाच मोलाचा आहे. ‘त्याला जन्मखूण आहे’ एवढेच मोघम लिहिले असेल, तर उद्या खरा वण उठला तरी तो त्याच नावाखाली दडून जाईल. वण या डागावरच उठू शकतो आणि निळ्यात निळा मिसळतो. जागा, माप आणि आकार लिहिलेला असेल, तर नवे काय ते लगेच कळते. जे बाळ अजून पालथे पडत नाही, रांगत नाही, त्याच्या अंगावर खरा वण सहसा उठत नाही. तो दिसला तर जन्मखूण म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

हे डाग कमरेखालीच असतात असे नाही. खांद्यावर, हातापायांवरही दिसतात आणि तेवढ्याने घाबरू नये. मात्र पोट-छातीसह अंगभर पसरलेले, वाढत जाणारे गडद डाग असतील आणि सोबत बाळाची वाढ मागे पडत असेल किंवा यकृत-प्लीहा वाढलेली असेल, तर हर्लर किंवा जीएम-१ गँग्लिओसायडोसिससारख्या फार दुर्मीळ चयापचय विकारांची तपासणी केली जाते. तसेच माकडहाडापाशी केसांचा पुंजका, खोल खळगा किंवा गाठ असेल, तर ती या डागाची बाब नाही. तिथे कण्याची सोनोग्राफी लागू शकते.

वरच्या उदाहरणातल्या बाळाच्या वर्षाच्या तपासणीत मोठा डाग ७ सेंमी भरला. बाळासोबत तोही थोडा वाढला होता, पण रंग उतरू लागला होता. कुल्ल्यावरचा लहान डाग तिसऱ्या वर्षी शोधूनही सापडला नाही.