कुत्र्याने आखून दिलेला रस्ता : पाठलागाच्या दृश्यामागची गोष्ट

पाठलाग सिनेमाच्या अगदी बालपणापासून आहे. १९०१ सालच्या 'स्टॉप थीफ' या इंग्लिश मूकपटात एक भटक्या खाटकाच्या पाटीतलं मांस पळवतो, मागे खाटीक लागतो, कुत्री लागतात आणि चोर पिंपात लपतो. एवढीच गोष्ट, तीन शॉट्समध्ये. त्या काळी एक रीत होती: पळणारे आणि पाठलाग करणारे सगळे चौकटीतून बाहेर पडेपर्यंत शॉट बदलायचा नाही. आज ते संथ वाटतं, पण कोण पुढे आणि किती मागे हे त्यात आपोआप कळतं.

खरी झेप १९०५च्या 'रेस्क्यूड बाय रोव्हर'ने घेतली. सुरुवातीलाच बाळ आणि कुत्रा शेजारी दिसतात, म्हणजे काय हरवणार आहे ते आधीच ठाऊक होतं. मग रोव्हर हा कुत्रा खिडकीतून उडी मारतो, रस्ता, नदी, एका रांगेतली दारं असं करत बाळापर्यंत पोचतो आणि परततो त्याच जागांवरून, उलट क्रमाने. नदी दिसली की घर किती लांब आहे हे प्रेक्षकाला समजतं. मालकाला घेऊन तो पुन्हा निघतो, तेव्हा वाट आपल्यालाही पाठ झालेली असते.

चार वर्षांनी अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथने 'द लोनली व्हिला'मध्ये दाराबाहेरचे चोर, आत अडकलेली आई-मुली आणि धावत येणारा नवरा अशा तीन जागा आलटून पालटून दाखवल्या. जागा जोडण्याचं काम आता वाटेऐवजी शॉट कापून जोडण्याकडे गेलं, आणि दिशा चुकली तर सगळंच चुकण्याची भीतीही तिथूनच आली.

वडोदऱ्यात शॉर्टफिल्म करणाऱ्यांना दिशा सांभाळायला शिकायला मांडवीसारखी जागा नाही: जुन्या शहराच्या मधोमधचा हा चौक, जिथून चार दरवाज्यांकडे रस्ते जातात. चोर लहेरीपुरा दरवाज्याकडून पाणीगेटकडे, म्हणजे पूर्वेला पळतोय आणि मागे हवालदार आहे. कॅमेरा रस्त्याच्या दक्षिणेला असेल तर तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातो. मध्येच गर्दी टाळायला उत्तरेच्या फुटपाथवर गेलात, की तोच माणूस उलट्या दिशेने, जणू हवालदाराकडेच धावताना दिसतो. एडिटिंगला बसल्यावर हे लक्षात येतं आणि तेव्हा इलाज फारसा उरत नाही.

चोर चांपानेर दरवाज्याकडे, डावीकडे वळला तर? कॅमेरा त्याच्या उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे त्या रस्त्याच्या पूर्वेला. दिशा टिकते. फक्त वळण स्वतः दिसायला हवं: मांडवीच्या कमानी मागे ठेवून एक रुंद शॉट, ज्यात चोर वळतो आणि हवालदार त्याच चौकटीत शिरतो. हा शॉट नसेल तर पुढच्या रस्त्यावरचा चोर भलत्याच गल्लीत असल्यासारखा वाटतो. याउलट, वळणाला दिशा मुद्दाम बदलायची असेल, तर मध्ये कॅमेऱ्याकडे सरळ धावत येणारा एक शॉट पुरतो, कारण त्याला डावं-उजवं नसतं.