घोट्याला विश्रांती, हातांना आणि धडाला काम

मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोकणातील जांभ्याच्या पायऱ्यांवर आठवडाभरात शेवाळ धरते, आणि आमच्याकडे व्यायामोपचारासाठी येणाऱ्यांत मुरगळलेल्या घोट्यांची संख्या वाढते. असाच एक तरुण खलाशी माझ्याकडे आला होता. १२ जूनला पाखाडी उतरताना त्याचा उजवा पाय आतल्या बाजूला वळला होता. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक नौकांच्या मासेमारीची बंदी असल्याने त्याची मजुरी बुडत नव्हती, परंतु १ ऑगस्टला होडी सुटेल तेव्हा जाळे ओढण्याची ताकद अंगात असायला हवी, ही त्याची काळजी रास्त होती. सात आठवडे बसून काढले तर घोटा बरा होईल, पण हात आणि कंबर ढिली पडेल.

आधी घोट्याचे पाहू. पाऊल खाली झुकलेले असताना आत वळले, की बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून पुढे पावलाकडे जाणारा एक छोटा अस्थिबंध सर्वप्रथम ताणला जातो किंवा अंशतः फाटतो. या खलाशाचे तेच झाले होते. एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी जगभर ‘ओटावा नियम’ वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी असणारा हाडाचा उंचवटा किंवा आतल्या बाजूचे कमानीवरचे हाड दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर हाड मोडले नाही ना याची खात्री एक्स-रेने करून घ्यावी. याने लंगडत का होईना चार पावले टाकली आणि हाडावर कोठेही दुखले नाही. हाड शाबूत असल्याची अशी खात्री झाल्याशिवाय पुढचे काहीही सुरू करू नये.

हाताचा आणि पोटाचा व्यायाम केला तर घोट्याला काय होणार, असे बहुतेकांना वाटते, आणि गफलत नेमकी तेथेच होते. शरीराने लावलेले प्रत्येक बल शेवटी कोठून तरी जमिनीत उतरते. आपण हाताने काहीही ढकलले किंवा ओढले की शरीर उलट दिशेने सरकू पाहते, आणि त्याला रोखण्याचे काम आपण न कळत पायावर सोपवतो. त्यामुळे व्यायाम निवडताना तो कोणत्या स्नायूचा आहे यापेक्षा त्याचे बल कोठून जमिनीत जाते, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

पडवीच्या खांबाला रबरी पट्टा बांधून खुर्चीवर बसून तो आडवा ओढला, तर शरीर खांबाकडे खेचले जाते आणि दोन्ही पाय आपोआप जमिनीला रेटा देतात. तोच पट्टा पावलात अडकवून ओढणे तर त्याहून वाईट, कारण तेथे पाऊलच खुंटीचे काम करते. उलट दोर वरून खाली ओढला, तर शरीर वर उचलले जाऊ पाहते आणि पायावरचा भार वाढण्याऐवजी कमी होतो. खलाशाच्या घरी होडीची एक जुनी कप्पी होती. ती आम्ही पडवीच्या मजबूत वाशाला बांधली, नायलॉनच्या दोराच्या एका टोकाला वाळूची गोणी लावली, आणि तो खुर्चीवर बसून, उजवा पाय समोरच्या स्टुलावर उशीवर ठेवून, दोराचे दुसरे टोक दोन्ही हातांनी छातीपर्यंत ओढू लागला. गोणी ताणकाट्यावर २० किलो भरली. दहा वेळा ओढल्यावर अजून दोन-तीन वेळा ओढता येईल असे वाटावे, इतके ते वजन त्याला योग्य होते. असे तीन फेरे, मध्ये दोन मिनिटे थांबून. गोणी खाली सोडताना तीन सेकंद घ्यायचे आणि श्वास कोंडायचा नाही, एवढीच अट होती.

ढकलण्याचा व्यायाम त्याने जमिनीवर पाठ टेकून केला. दोन्ही हातांत पाण्याने भरलेले तेलाचे पाच लिटरचे कॅन छातीवरून सरळ वर उचलायचे. येथे सारा भार पाठीतून जमिनीत जातो आणि पाय उशीवर निवांत राहतो. पहिले तीन-चार दिवस पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवलेला बरा असतो, कारण खाली लोंबकळत ठेवला की सूज आणि ठणका वाढतो. त्या दिवसांसाठी ही स्थिती सर्वांत सोयीची. जाळे ओढणाऱ्या माणसाला पाच किलो अगदीच हलके वाटणार, म्हणून एका वेळी एकच हात चालवायचा असे ठरवले. एकाच बाजूला वजन असले की धड त्या बाजूला कलू पाहते आणि ते सरळ ठेवण्यासाठी पोटाच्या तिरक्या स्नायूंना राबावे लागते, त्यामुळे हाताबरोबर धडाचाही व्यायाम होतो.

आठवड्यातून किती दिवस, हा प्रश्न त्याने विचारला आणि उत्तर ऐकून त्याला नवल वाटले. ताकद वाढवायला बरेच काम लागते, टिकवायला मात्र फार थोडे पुरते. तरुण व्यक्तींच्या बाबतीत आठवड्यातून एकदाच व्यायाम केला तरी कमावलेली ताकद कित्येक आठवडे टिकल्याचे अभ्यासांत आढळले आहे. त्याला अट एकच, ती म्हणजे वजन पूर्वीइतकेच ठेवायचे. दिवस कमी केले तर चालतात, फेरे कमी केले तरी चालतात, पण वजन हलके केले की ताकद उतरू लागते. घरी बसलेली माणसे नेमके उलट करतात. रोज करतात, शंभर वेळा करतात, आणि अगदी हलके करतात. आम्ही आठवड्यातून तीन दिवस ठरवले, कारण त्याच्याकडे वेळ होता आणि ओढण्याची ताकद थोडी वाढली तर त्याला हवीच होती.

धडाच्या व्यायामांत मात्र मोठी चूक झाली, आणि ती आम्हाला शिंप्याच्या टेपमुळे कळली. घोट्याची सूज मोजण्याची एक सोपी रीत आहे. टेप घोट्याच्या पुढून पावलाच्या कमानीवर, तळव्याखालून बाहेरच्या कडेवर, आणि पुन्हा पुढून घोट्याच्या मागे नेऊन इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे (मराठी आठाप्रमाणे नव्हे) गुंडाळायची. रोज सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, त्याच वाटेने. तिसऱ्या दिवशी त्याचा चांगला पाय ५२ सेंटीमीटर आणि दुखरा ५४ भरला होता. नवव्या दिवशी दुखरा ५२.८ वर आला, आणि दहाव्या दिवशी सकाळी एकदम ५३.५. आदल्या संध्याकाळी काय केले असे विचारले, तेव्हा त्याने कोपरांवर आणि चवड्यांवर अंग तोलून धरल्याचे, म्हणजे नेहमीचा प्लँक केल्याचे सांगितले. तो म्हणाला, ‘‘तो पोटाचा व्यायाम ना, म्हणून केला.’’ करताना फारसे दुखलेही नव्हते.

चवड्यांवर अंग तोलले की धडाचा बराच भार पावलांच्या पुढच्या भागातून जमिनीत जातो आणि घोट्याभोवतीचे सगळे स्नायू ताठ राहतात. एका कुशीवर वळून पावलाच्या कडेवर अंग तोलण्याचा प्रकार तर मुरगळलेल्या पायासाठी सर्वांत वाईट, कारण खालचे पाऊल ज्या दिशेने मुरगळले होते त्याच दिशेला ढकलले जाते. मग गुडघे टेकावेत, तर तेथेही खाच आहे. गुडघे टेकल्यावर पावलाचा वरचा भाग जमिनीला टेकून पाऊल सरळ ताणले जाते, आणि फाटलेला अस्थिबंध याच स्थितीत सर्वाधिक ताणात असतो. उपाय साधा आहे. घोंगडीची जाड घडी नडगीखाली अशी ठेवायची की पाऊल घडीच्या कडेबाहेर मोकळे राहील. कुशीवरचा प्रकार करताना दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून खालच्या गुडघ्यावर भार घ्यायचा. या दोन बदलांनंतर तिसऱ्या दिवशी सूज ५२.८ वर परतली.

याच कारणाने मांडी घालून जेवायला बसणेही त्या काळात मी बंद करायला सांगतो. मांडी घातली की बाहेरचा घोटा जमिनीवर दाबला जातो आणि पाऊल आत वळते. व्यायाम नेमका करायचा आणि दिवसातून दोन वेळा पाटावर मांडी घालून बसायचे, यात काही अर्थ नाही. घरच्यांना हे पटवायला जरा वेळ लागला, हे खरे.

बारवर लोंबकळून अंग वर खेचण्याचा हट्टही त्याने धरला होता. तो व्यायाम घोट्याला वाईट नाही, वाईट आहे ते खाली उतरणे. दमल्यावर माणूस उडी मारूनच उतरतो. उतरण्यासाठी स्टूल ठेवले आणि चांगल्या पायावर उतरला तर करावे, पण ओल्या पडवीत मी ते टाळायलाच सांगितले.

कमरेखालचा एक भाग मात्र येथे विसरता येत नाही. १९९४ सालच्या एका अभ्यासात, पूर्वी घोटा जोरात मुरगळलेल्या लोकांत नितंबाचे स्नायू उशिरा कामाला लागतात असे दिसले होते. घोटा आणि नितंब एकमेकांपासून एवढे दूर असूनही हा संबंध आहे, आणि जाळे ओढताना धडाला आधार देणारे स्नायू हेच. म्हणून डाव्या कुशीवर निजून उजवा पाय सरळ ठेवून एक हातभर वर उचलायचा, पंधरा वेळा. पाऊल हवेतच असल्याने घोट्यावर काही भार येत नाही.

डाव्या पायाला काम दिल्याचा उजव्यालाही थोडा लाभ होतो, ही गोष्ट नवी नाही. १८९४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताला सराव दिला असता दुसऱ्या, सराव न दिलेल्या हाताचीही ताकद वाढल्याचे नोंदवले. हा लाभ स्नायू जाड झाल्यामुळे नसून चेतासंस्थेतून येतो आणि तो छोटाच असतो. म्हणून खुर्चीवर बसून डाव्या पायाची टाच वजन ठेवून उचलण्याचा व्यायाम मी दिला, परंतु त्यावर उजव्या पोटरीची भिस्त ठेवली नाही. उजव्या घोट्याची हलकी हालचाल, नंतर भार घेणे आणि तोल सांभाळणे हे सारे स्वतंत्रपणे करावेच लागले. वरच्या अंगाच्या व्यायामाने अस्थिबंध लवकर भरत नाही. तो आपल्याच गतीने भरतो आणि पूर्ण बळकट व्हायला काही महिने घेतो.

चौथ्या आठवड्यात त्याला पाय न दुखता चालता येऊ लागले, तेव्हा आम्ही तोवर टाळलेला आडवा ओढा सुरू केला. आधी खुर्चीवर बसून, दोन्ही पावले सपाट टेकवून, मग उभे राहून. कोणत्याही दिवशी दुखणे दहापैकी तीनच्या वर गेले किंवा दुसऱ्या सकाळी टेप अर्ध्या सेंटीमीटरने वाढली, तर एक पायरी मागे जायचे. सहाव्या आठवड्यात तो कप्पीवर २६ किलो ओढत होता. मात्र उजव्या पायावर डोळे मिटून उभे राहिल्यावर त्याचा तोल काही सेकंदांत जात होता, आणि डाव्यावर तो निवांत उभा राहत होता. १ ऑगस्टला त्याला होडीवर जायचे होते. मी त्याला पहिले पंधरा दिवस घोट्याला पट्टा बांधून, बसून करता येईल तेवढेच काम करायला सांगितले, आणि तांडेलाने त्याला मासळी निवडायला बसवले.