बेरजेत आलेला पत्ता: सी मधल्या ‘गार्बेज व्हॅल्यू’ची पार्श्वभूमी

इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या गल्लीतली एक मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, “काका, लॅबमध्ये उत्तर बरोबर येतं, घरी येत नाही. आणि घरीसुद्धा दर वेळी वेगळं येतं.” प्रोग्राम एक ते पाचच्या बेरजेचा होता.

```c
#include <stdio.h>

int main(void)
{
    int n = 5, i, sum;
    for (i = 1; i <= n; i++)
        sum += i;
    printf("%d\n", sum);
    return 0;
}
```

लॅबमध्ये जुनं टर्बो सी आहे, तिथे `15` आलं. घरच्या लिनक्सवर पहिल्यांदा `32779` आलं आणि दुसऱ्यांदा `32781`. चूक कुठे आहे हे तिला लगेच दिसलं: `sum` ला सुरुवातीची किंमत दिलेलीच नाही. तिचा खरा प्रश्न वेगळा होता. “गार्बेज म्हणजे काहीही ना? मग ते नेहमी बत्तीस हजारांच्या आसपासच का?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर आहे आणि ते बऱ्याच मागे जातं.

सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी पीडीपी-११ या यंत्रावर घडवली. त्यांच्याकडच्या पहिल्या पीडीपी-११ ला चोवीस किलोबाइट मेमरी होती आणि तिचा निम्मा भाग ऑपरेटिंग सिस्टिमलाच लागायचा. फंक्शनची लोकल व्हेरिएबल्स मेमरीच्या ज्या भागात राहतात तो स्टॅक, आणि त्याचं टोक दाखवतो तो स्टॅक पॉइंटर. अशा यंत्रावर या व्हेरिएबल्ससाठी जागा करणं म्हणजे त्या पॉइंटरमधून एक आकडा वजा करणं. पॉइंटर खाली सरकला की जागा तयार. त्या जागेत आधीच्या कुणी काय लिहून ठेवलंय, ते पुसायला कुणी जात नाही. पुसायचं म्हटलं तर फंक्शन जितक्यांदा बोलावलं जाईल तितक्यांदा तो खर्च येणार, आणि बहुतेक वेळा पुढच्याच ओळीत त्या व्हेरिएबलमध्ये दुसरं काही भरलं जाणार.

ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल्सचं तसं नाही. त्यांची जागा प्रोग्राम चालू होताना एकदाच ठरते, म्हणून एकदाच शून्य करता येते. त्यामुळे `sum` मेनच्या बाहेर लिहिला असता तर तिला घरीही `15` मिळालं असतं. एकाच भाषेत हे दोन नियम का, याचं कारण एवढंच: एक खर्च एकदाचा आहे, दुसरा कायमचा.

१९७८ साली आलेल्या कर्निघन-रिचींच्या पुस्तकात ही गोष्ट सरळ सांगितली आहे: ऑटोमॅटिक, म्हणजे फंक्शनमधल्या लोकल, व्हेरिएबलला किंमत दिली नाही तर त्यात गार्बेज असतं. आपल्याकडे व्हायव्हामध्ये हाच शब्द सांगायचा असतो. पण पाठ करताना मुलांना वाटतं की यंत्र कुठूनतरी आकडा उचलून देतं. तसं नसतं. तो आकडा कुणाचा तरी उरलेला असतो.

डॉसच्या काळात हे उरलेलंही ठरलेलं असे. टर्बो सी १९८७ साली आलं. डॉसमध्ये प्रोग्राम मेमरीत साधारण त्याच जागी चढायचा, सुरुवातीचा कोड तीच पावलं टाकायचा, आणि स्टॅकवर मागे तेच अवशेष राहायचे. म्हणून एका मशीनवर बहुतेक वेळा तोच आकडा येई, मशीन किंवा कंपायलर बदलला की वेगळा. तिच्या लॅबमध्ये `sum` च्या जागी शून्य पडलेलं होतं, त्यामुळे चूक असूनही उत्तर बरोबर आलं. जर्नलवर सहीसुद्धा झाली. मुलांच्या नजरेतून ही चूक सुटते ती इथेच, आणि मला याचं वाईट वाटतं.

आता घरचा आकडा. `32779` मधून खरी बेरीज, म्हणजे पंधरा, वजा करा: `32764`. हेक्साडेसिमलमध्ये `7ffc`. दुसऱ्या वेळचा `32781`, त्यातून पंधरा गेले की `32766`, म्हणजे `7ffe`. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर स्टॅकचे पत्ते, म्हणजे मेमरीतल्या त्या जागांचे क्रमांक, `0x7ffc…` ते `0x7fff…` असे दिसतात. पत्ता आठ बाइटचा आणि `int` चार बाइटचा. `sum` ची जागा नेमकी एका जुन्या पत्त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर आली होती. तिच्या बेरजेत अर्धा पत्ता मिसळला होता.

हा पत्ता लिहिला कुणी? ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्या प्रोसेसला मेमरीची पानं शून्य करूनच देतो, नाहीतर एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती पडेल. पण `main` सुरू होण्याआधी प्रोग्रामला लायब्ऱ्या जोडणारा डायनॅमिक लिंकर आणि सी लायब्ररीचा सुरुवातीचा कोड त्याच स्टॅकवर काम करून जातात. त्यांनी ठेवलेले पत्ते तिथेच राहतात.

आणि दर वेळी वेगळा का? सुरक्षेसाठी २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१२ कर्नलपासून स्टॅकची जागा प्रत्येक रनला यदृच्छया हलवली जाते. तोवर मशीनगणिक बदलणारी चूक त्यानंतर रनगणिक बदलू लागली. हे तपासता येतं. मी तिला हे चालवायला सांगितलं:

```
setarch $(uname -m) -R ./a.out
```

यात जागा हलवणं बंद होतं, स्टॅक `0x7fff…` वर स्थिर राहतो. तीनदा चालवलं, तिन्ही वेळा `32782`. पंधरा वजा केले की `32767`, म्हणजे `7fff`. तिने स्वतः कागदावर हिशोब मांडला आणि मान वर केली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण इथे थांबलं तर अर्धवट माहिती होईल. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन मानकाने अशी अनिश्चित किंमत वापरण्याला ‘अनडिफाइंड बिहेवियर’मध्ये घातलं, म्हणजे पुढे काय व्हावं यावर मानकाचं काहीच बंधन नाही. कंपायलर साधे होते तोवर व्यवहारात जुना आकडा मिळायचा. कंपायलर कोड जलद करण्यासाठी करतो ते ऑप्टिमायझेशन वाढलं तसा ‘त्या जागेत काहीतरी आहे’ हा आधारही गेला. ऑप्टिमायझेशन चालू करणारा `-O2` दिल्यावर `sum` ला मेमरीत जागाच मिळेल असं नाही. कंपायलर सोयीची कुठलीही किंमत धरू शकतो, आणि वापरागणिक वेगळीही. वरचा पत्त्याचा हिशोब म्हणूनच ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलेल्या प्रोग्रामलाच लागू पडतो.

पकडायचं कसं? `gcc -Wall -O2` ने कंपाइल करावं. किंमत कुठून कुठे वाहते याच्या विश्लेषणातून हा इशारा निघतो, त्यामुळे `-O2` शिवाय लूपमधला असा वापर जीसीसीच्या नजरेतून सुटू शकतो. दुसरा मार्ग व्हॅलग्रिंड, म्हणजे चालत्या प्रोग्रामचा मेमरीचा वापर तपासणारं साधन. त्यासाठी प्रोग्राम `-O2` शिवाय, `-g` देऊन बांधावा. तो बेरजेच्या ओळीवर ओरडत नाही. आकडा छापताना `printf` च्या आत त्या किमतीवर निर्णय घेतला जातो, तिथे तो `Conditional jump or move depends on uninitialised value(s)` म्हणतो. म्हणून तक्रार वाचताना यादीत खाली आपल्या फाइलचं नाव शोधायचं.

अलीकडे पुसण्याचा खर्च परवडू लागला आहे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये २०१९ पासून आणि जीसीसीमध्ये २०२२ च्या बाराव्या आवृत्तीपासून `-ftrivial-auto-var-init=zero` हा पर्याय आहे. तो दिला की लोकल व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतात. तिने विचारलं, “मग हेच नेहमी का नाही लावायचं?” तिच्या वहीत पुढचा प्रोग्राम फॅक्टोरियलचा होता. त्यातही `fact` ला किंमत दिलेली नव्हती. तो या पर्यायाने चालवला तर प्रत्येक मशीनवर, प्रत्येक रनला `0` येतं, कारण गुणाकार एकपासून सुरू व्हायला हवा, आणि ते कंपायलरला माहीत नसतं.