एमएसपी आणि एनर्जी स्कोअर: एक वाटा मोजतो, दुसरा बेरीज

‘एनर्जी स्कोअर म्हणजे सॉफ्टमॅक्सचंच जरा सुधारलेलं रूप’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की आता चिडचिड होते. दोन्ही आकडे वर्ग ओळखणाऱ्या मॉडेलच्या त्याच लॉजिटमधून, म्हणजे प्रत्येक वर्गाला मिळालेल्या कच्च्या गुणांमधून, निघतात आणि दोन्हींवरून इनपुट शिकवलेल्या डेटासारखं म्हणजे ओळखीचं, की परकं हे ठरवतात, एवढं साम्य खरं. मोजतात मात्र वेगळंच.

एमएसपी म्हणजे मॅक्सिमम सॉफ्टमॅक्स प्रोबॅबिलिटी: सॉफ्टमॅक्स लॉजिटच्या संभाव्यता करतो, त्यातली सगळ्यांत मोठी. हेंड्रिक्स आणि गिंपेल यांनी २०१६ मध्ये ती बेसलाइन म्हणून मांडली. ती कमी आली की इनपुट परकं समजायचं. एनर्जी स्कोअर लियू आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडला: `E(x) = -T·log Σ exp(f_i/T)`. त्यात `f_i` म्हणजे प्रत्येक वर्गाचा लॉजिट आणि `T` म्हणजे तापमान. `T` १ ठेवा; त्यांनीही तेच सुचवलंय. इथे एनर्जी जितकी कमी, तितकं इनपुट ओळखीचं. चिन्ह उलटं धरलं तर ओळखीचं आणि परकं किती नीट वेगळं होतं हे सांगणारा एयूआरओसी ०.५ च्या बराच खाली जातो, तेव्हा लगेच कळतं. त्यावर जास्त बोलत नाही.

खरी गफलत पुढे आहे. समजा, मांजर, कुत्रा आणि ट्रक असे तीनच वर्ग आहेत. एका फोटोचे लॉजिट १०, २, १ आले. दुसऱ्याचे ३, -५, -६ आले. दुसरे आकडे म्हणजे पहिल्यातून प्रत्येकी ७ वजा केलेले. सॉफ्टमॅक्सला हे वजा केलेले ७ दिसतच नाहीत, म्हणून दोन्हींना एमएसपी ०.९९९५ च मिळते. एनर्जी मात्र पहिल्याची -१०, दुसऱ्याची -३.

याकडे निवडणुकीसारखं बघा. लॉजिटचा घातांक म्हणजे उमेदवाराला पडलेली मतं. पहिल्या फोटोत मांजराला सुमारे २२ हजार मतं पडली, बाकीच्यांना मिळून दहा. दुसऱ्यात मांजराला जेमतेम २०, बाकीच्यांना एकही पूर्ण मत नाही. मतांची टक्केवारी तीच. एमएसपी विजेत्याची टक्केवारी सांगते. एनर्जी एकूण मतदान किती झालं ते सांगते, लॉगमध्ये आणि उलट्या चिन्हाने.

आता तिसरा फोटो घ्या: ९, ८.८, १. खरंच मांजर आहे, पण कुत्र्यासारखं दिसतं. एमएसपी ०.५५ वर आपटते आणि हा अस्सल ओळखीचा फोटो परका ठरतो. एनर्जी -९.६, म्हणजे पहिल्याच्या जवळ. ‘कुठला वर्ग’ याबद्दलची शंका आणि ‘हे आपल्या वर्गांतलं आहे का’ ही शंका एमएसपी एकाच आकड्यात कालवते. माझा तिच्यावरचा मुख्य राग हाच. सिफार-१० या दहा वर्गांच्या चित्रसंचावर शिकवलेल्या वाइड-रेसनेट नेटवर्कमध्ये, ओळखीची ९५ टक्के चित्रं आत ठेवून, परकी किती घुसतात हे लियू यांनी सहा परक्या डेटासेटवर मोजलं. सरासरी एमएसपीसाठी सुमारे ५१ टक्के होती, एनर्जीसाठी ३३.

यावरूनच सगळ्यांत जास्त दिसणारी चूक समजते: सॉफ्टमॅक्स झालेल्या आउटपुटवर एनर्जी काढणं.

```python
E = -torch.logsumexp(logits, dim=1)  # बरोबर
E = -torch.logsumexp(probs, dim=1)   # चूक
```

टक्केवारीतून एकूण मतदान परत मिळत नाही. दहा वर्गांच्या मॉडेलमध्ये चुकीची ओळ प्रत्येक इनपुटला -२.४० ते -२.४६ या चिंचोळ्या पट्टीतच आकडा देते, कारण संभाव्यता ० ते १ मध्येच असतात. `log_softmax` वर चालवली तर प्रत्येक वेळी शून्यच. वाईट म्हणजे त्या चिंचोळ्या पट्टीतही क्रम साधारण एमएसपीसारखाच लागतो, म्हणून ग्राफ ठीकठाक दिसतो आणि माणूस जाहीर करतो की ‘एनर्जीने काही फरक पडला नाही’. अशा निष्कर्षावर विश्वास ठेवण्याआधी हिस्टोग्रामचा आडवा अक्ष बघा. ज्या सेवेकडून फक्त संभाव्यता मिळतात, लॉजिट नाही, तिथे एनर्जीचा विचार सोडा आणि एमएसपी वापरा.

एनर्जीला ० ते १ अशी मर्यादा नसते, म्हणून एका मॉडेलचा थ्रेशोल्ड दुसऱ्याला चालत नाही. आपल्याच व्हॅलिडेशन डेटावर ९५ टक्के ओळखीची इनपुट आत राहतील अशी रेघ मारायची, आणि मॉडेल पुन्हा शिकवलं की पुन्हा मारायची.

तरीही एनर्जीला सत्याचं मोजमाप समजू नका. नेहमीचा क्रॉस-एन्ट्रॉपी लॉससुद्धा ते वजा केलेले ७ बघत नाही, म्हणजे एकूण मतदान किती असावं हे मॉडेलला थेट कुणी शिकवलेलंच नसतं. व्यवहारात ओळखीच्या चित्रांवर फीचर जोरात पेटतात आणि लॉजिट मोठे येतात, म्हणून हे चालतं. परकं इनपुटच फार मोठ्या मूल्यांचं असेल, तर रेलू नेटवर्कमध्ये लॉजिटही फुगतात आणि दोन्ही स्कोअर फसतात. परका वर्ग ओळखीच्या वर्गासारखाच दिसत असेल, उदाहरणार्थ सिफार-१० च्या मॉडेलपुढे सिफार-१०० मधली चित्रं, तर एनर्जीची आघाडी बरीच विरते. अशा ठिकाणी मी दोन्ही स्कोअर काढतो आणि एनर्जी डोळे झाकून निवडत नाही.