एसीपीआयच्या त्रुटी आणि गोठणारा इन्स्टॉलर: पार्श्वभूमी

नव्या लॅपटॉपला लिनक्सचा यूएसबी लावून इन्स्टॉलर सुरू करावा, काळ्या पडद्यावर ACPI या शब्दाने सुरू होणाऱ्या चार-सहा ओळी दिसाव्यात आणि त्यानंतर यंत्राने कोणत्याही कळीला दाद देऊ नये, असा अनुभव अनेकांना आलेला आहे. त्यावर "`acpi=off` देऊन पाहा" किंवा "नवा कर्नल घ्या" असे दोन सल्ले ठरलेले असतात. हे सल्ले कधी लागू पडतात आणि कधी पडत नाहीत, हे समजण्यासाठी फर्मवेअर आणि कर्नल यांच्यातला संवाद कसा घडत गेला ते पाहावे लागते.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आणलेल्या एपीएम या पद्धतीत वीजवापराचे काम मुख्यतः बायोस स्वतःच करत असे आणि ऑपरेटिंग सिस्टिमला त्यात फारसा वाव नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ही व्यवस्था उलटी केली. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यायचा होता. या विशिष्ट यंत्रात तो निर्णय अमलात कसा आणायचा, हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम फर्मवेअरने डीएसडीटी आणि एसएसडीटी या नावांच्या तक्त्यांत ठेवायचे, असे ठरले. हे प्रोग्रॅम एएमएल नावाच्या बाइटकोडमध्ये असतात आणि ते चालवणारा इंटरप्रिटर कर्नलच्या आत असतो. लिनक्समध्ये हा इंटरप्रिटर इंटेलच्या एसीपीआयसीए या प्रकल्पातून आला. याचा अर्थ असा की लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेला कोड कर्नलच्या पोटात, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. त्या कोडात न संपणारा लूप असेल, तर त्याच्या उत्तराची वाट पाहणारे कर्नलचे भागही अडकून पडतात.

एसीपीआयच्या तपशिलात `_OSI` नावाची एक सोय आहे. तिच्या आधारे फर्मवेअर कर्नलला विचारू शकते, की तू अमुक इंटरफेस जाणतोस का? प्रत्यक्षात फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी तिचा वापर विंडोजची कोणती आवृत्ती चालू आहे हे ओळखण्यासाठी केला. `Windows 2001` म्हणजे एक्सपी, `Windows 2006` म्हणजे व्हिस्टा, `Windows 2009` म्हणजे विंडोज ७, `Windows 2012` म्हणजे विंडोज ८ आणि `Windows 2015` म्हणजे विंडोज १०. यांतल्या प्रत्येक नावाला लिनक्स "हो" असे उत्तर देतो. "तू लिनक्स आहेस का" या प्रश्नाला मात्र २००७ साली आलेल्या २.६.२३ या कर्नलपासून तो "नाही" म्हणतो. आधी तो "हो" म्हणत असे. तेव्हा एका नमुना बायोसमध्ये लिनक्ससाठी घातलेली व्हिडिओ पुन्हा सुरू करण्याची तात्पुरती तजवीज नक्कल होत होत इतर यंत्रांत पसरली आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला तिची गरज उरली नसतानाही ती चालत राहिली. मला "नाही" म्हणण्याचा तो निर्णय योग्यच वाटतो, कारण कंपन्या विंडोजची वाट कसून तपासतात आणि लिनक्ससाठी वेगळी वाट ठेवली तर ती बहुधा कोणीच तपासलेली नसते. या संदर्भात बिल गेट्स यांच्या जानेवारी १९९९ मधल्या एका ई-मेलचा उल्लेख नेहमी होतो. आयोवा राज्यातल्या खटल्यात उघड झालेल्या त्या ई-मेलमध्ये एसीपीआयचे विस्तार विंडोजपुरते ठेवता येतील का, अशी विचारणा होती. परंतु आजच्या गोठण्याचे कारण तिथे शोधण्यात अर्थ नाही. ते "हो" या उत्तरामुळे निवडल्या जाणाऱ्या वाटेत सापडते.

याचे उत्तम दस्तऐवजीकरण झालेले उदाहरण म्हणजे इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचा प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेले लॅपटॉप. अशा यंत्रात काम नसताना एनव्हिडियाचे कार्ड पूर्ण बंद करायचे असते. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या ४.८ या कर्नलने पीसीआय एक्स्प्रेसचे पोर्टही झोपवायला सुरुवात केली, आणि नुव्हो हा मुक्त ड्रायव्हर कार्ड बंद करण्यासाठी विंडोजच्या नव्या आवृत्त्यांप्रमाणे एसीपीआयची पॉवर रिसोर्स वापरू लागला. त्यानंतर कर्नलच्या बगझिलात १५६३४१ या क्रमांकाखाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपांच्या तक्रारी जमत गेल्या. एनव्हिडियाचे कार्ड झोपते, पण पुन्हा उठत नाही, अशी ती तक्रार होती.

उबुंटू १८.०४ च्या पहिल्या प्रतिमेत ४.१५ हा कर्नल होता. तिच्यावरून अशा लॅपटॉपवर इन्स्टॉलर सुरू केला तर घटनाक्रम असा घडतो. नुव्हो लोड होतो. कार्डाला काही काम नसल्याने सुमारे पाच सेकंदांत तो ते झोपवतो. पुढे कोणता तरी प्रोग्रॅम पीसीआयच्या उपकरणांची यादी मागतो. टर्मिनलमध्ये नुसते `lspci` लिहिले तरी हेच होते. यादीसाठी कार्ड उठवावे लागते, म्हणून कर्नल फर्मवेअरमधला कार्ड चालू करणारा एएमएल कोड चालवतो. तो कोड कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला दुवा जुळल्याची खूण पाहत एका लूपमध्ये थांबतो. ती खूण कधीच येत नाही. इंटरप्रिटर बऱ्याच वेळाने लूप तोडतो आणि `AE_AML_INFINITE_LOOP` ही त्रुटी नोंदवतो. नंतरच्या कर्नलांत तिचे नाव `AE_AML_LOOP_TIMEOUT` झाले आणि मर्यादा फेऱ्यांऐवजी वेळेवर, म्हणजे ३० सेकंदांवर, बेतली गेली. तोवर बॅटरीची माहिती विचारणारे आणि एसीपीआयकडे जाणारे इतर सगळे रांगेत खोळंबतात. माणसाला फक्त थिजलेला पडदा दिसतो.

हेच कारण आहे हे ओळखण्याची खूण लॉगमधल्या या ओळीत असते:

```
nouveau 0000:01:00.0: Refused to change power state, currently in D3
```

याउलट `Could not resolve symbol` आणि शेवटी `AE_NOT_FOUND` अशा ओळी दिसल्या, तर फर्मवेअरच्या एका तक्त्याने अस्तित्वात नसलेल्या नावाचा उल्लेख केला आहे एवढाच त्याचा अर्थ होतो. अशा ओळी सुरळीत चालणाऱ्या असंख्य लॅपटॉपांवरही दिसतात. बूट करताना `quiet` हा पॅरामीटर इतर संदेश दडवतो, पण त्रुटीच्या पातळीचे संदेश दडवत नाही. म्हणून पडद्यावर एकट्या याच ओळी उरतात आणि त्यांनंतर ग्राफिक्स ड्रायव्हरपाशी यंत्र थांबले, तरी दोष या ओळींवर येतो. म्हणून माझ्या मते पहिले पाऊल `quiet splash` काढून पुन्हा बूट करणे हेच असावे. ग्रबच्या मेन्यूत `e` दाबून `linux` ने सुरू होणाऱ्या ओळीतून ते शब्द पुसावेत आणि `F10` दाबावे.

दुसरे पाऊल त्याच ओळीच्या शेवटी `nouveau.modeset=0` लिहिण्याचे. नुव्हो ग्राफिक्स कार्डाला हातच लावत नसेल, तर तो त्याला झोपवणारही नाही. इन्स्टॉलर एवढ्यावर नीट चालला तर दोष कुठे आहे ते जवळजवळ ठरते. तरीही यंत्र गोठत असेल किंवा नुव्हो हवाच असेल, तर `_OSI` चे उत्तर बदलता येते:

```
acpi_osi=! "acpi_osi=Windows 2009"
```

पहिला शब्द विंडोजची सगळी नावे काढून टाकतो आणि दुसरा फक्त विंडोज ७ चे नाव परत घालतो. अवतरणचिन्हे विसरल्यास नावातल्या मोकळ्या जागेपाशी पॅरामीटर तुटतो आणि त्याचा उपयोग होत नाही. बूट झाल्यावर `cat /proc/cmdline` ने तो जसाच्या तसा पोहोचला का ते पाहावे. या उपायाची किंमतही आहे. विंडोज ८ पासूनच्या सोयी फर्मवेअर मागे घेते, आणि काही लॅपटॉपांवर टचपॅड जुन्या पीएस/२ पद्धतीने दिसू लागतो.

हा उपाय का चालतो, याचे उत्तर २०२० साली रेड हॅटमधील कॅरोल हर्ब्स्ट यांनी केलेल्या दुरुस्तीसोबतच्या टिपेत मिळते. विंडोज ८ किंवा पुढचे नाव मान्य केल्यावर फर्मवेअर दुवा बंद करण्यासाठी इंटेलच्या पीसीआय ब्रिजमधल्या `0x248` या अप्रकाशित रजिस्टरमध्ये एक बिट लिहिते. त्याआधीच्या विंडोजसाठीची वाट वेगळी रजिस्टरे वापरते आणि ती नीट चालते. अडचण तेव्हा येते, जेव्हा कर्नल कार्डाला आधी डी३हॉट या हलक्या झोपेत घालतो आणि मग हा एएमएल कोड चालवून वीज तोडतो. एएमएल कोडाला कार्ड त्या मधल्या अवस्थेत असणे बहुधा अपेक्षित नसावे, असा अंदाज त्या टिपेत सावधपणे मांडला आहे. दुरुस्ती साधी आहे: ठरावीक ब्रिज दिसला की नुव्हो मधली पायरी वगळतो. ही दुरुस्ती ५.७ या कर्नलच्या सुमारास आली.

यावरून "नवा कर्नल घ्या" या सल्ल्याचे स्वरूपही स्पष्ट होते. याच यंत्रांना ४.८ हा त्या वेळचा नवा कर्नल अडचणीत घेऊन गेला आणि ५.७ च्या सुमाराच्या कर्नलने बाहेर काढले. तेव्हा लॅपटॉप बाजारात येण्याच्या तारखेनंतरचा कर्नल निवडणे हा चांगला पहिला अंदाज आहे, हमी नव्हे. स्थिर वितरणांच्या इन्स्टॉलरमध्ये कर्नल जुनाच असतो: डेबियन १२ मध्ये ६.१, उबुंटू २२.०४ च्या पहिल्या प्रतिमेत ५.१५. उबुंटूच्या एलटीएसच्या नंतरच्या पॉइंट रिलीजमध्ये नवा कर्नल दिलेला असतो, म्हणून त्याच आवृत्तीची पहिली प्रतिमा न घेता शेवटची घ्यावी. डेबियनवर मात्र तात्पुरता पॅरामीटर देऊन स्थापना करावी लागते आणि मग बॅकपोर्ट्समधून कर्नल घ्यावा लागतो.

`acpi=off` हा उपाय मी फक्त तपासणीपुरता मानतो. त्यात एएमएलच चालत नाही, म्हणून वरचा लूपही घडत नाही. परंतु प्रोसेसरच्या गाभ्यांची यादीसुद्धा एसीपीआयच्या तक्त्यांत असते, त्यामुळे आजच्या यूईएफआय लॅपटॉपवर बहुधा एकच गाभा जागा होतो, बॅटरी दिसत नाही आणि आय२सी वरचा टचपॅड सापडत नाही. अशा अवस्थेत इन्स्टॉलर पूर्ण झाला, तरी पॅरामीटर काढताच यंत्र पुन्हा तिथेच गोठते.

चाललेला पॅरामीटर कायम ठेवायचा असेल तर तो `/etc/default/grub` मध्ये लिहून `sudo update-grub` चालवावे लागते. तिथे आतली अवतरणचिन्हे `\"` अशी लिहावीत. पुढे दुरुस्ती असलेला कर्नल आला की ग्रबच्या मेन्यूत एकदा तो पॅरामीटर पुसून बूट करावे आणि `lspci` चालवून पाहावे. यादी लगेच आली आणि लॉगमध्ये वरची ओळ नसली, तर फाइलमधूनही तो काढून टाकावा.